60 केएलडीचा एसटीपी, सकाळचं गढूळ पाणी, आणि चुकीच्या जागी बसवलेले पाइप

120 फ्लॅटचं कॉम्प्लेक्स, बेसमेंटला लागून 60 केएलडीचा एसटीपी, म्हणजे दिवसाला 60 हजार लिटर सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट. तक्रार अशी होती की रोज सकाळी आठ साडेआठच्या सुमाराला फ्लशला येणारं ट्रीटेड पाणी तपकिरी होतं, सँड फिल्टर चोक होतो, ऑपरेटर उलटं पाणी सोडून तो धुत म्हणजे बॅकवॉश घेत बसतो, आणि दुपारी बाराएकला सगळं आपोआप निवळतं. संध्याकाळी थोडा त्रास, रात्री काही नाही. हे बरेच महिने चाललेलं आणि त्यावर उपाय म्हणून एरेशन टँकमध्ये, म्हणजे जिथे हवा सोडून बॅक्टेरियांकडून सांडपाणी साफ करवतात तिथे, बॅक्टेरियांच्या कल्चरच्या बरण्या ओतणं चालू होतं, कारण मेंटेनन्सवाल्यांनी सांगितलेलं की बॅक्टेरिया मेलेत.

मी प्लांट बघायला गेलो तेव्हा सगळ्यात आधी एरेशन टँकमधलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरून अर्धा तास तसंच ठेवलं. ही टेस्ट इतकी साधी आहे की लोक ती करतच नाहीत. अर्ध्या तासात गाळ 300 मिलीच्या खुणेवर येऊन बसला, वरचं पाणी जवळपास काचेसारखं, आणि हे नेमकं त्याच वेळी जेव्हा गाळ खाली बसवायच्या शेजारच्या सेटलिंग टँकमधून ढगांसारखा गाळ बाहेर पडत होता. गाळाचं प्रमाण लिटरला 3 ग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे एका ग्रॅमला 100 मिली, आणि हा आकडा अगदी तब्येतीने चाललेल्या प्लांटचा असतो. तोच गाळ पात्रात छान बसतोय आणि टँकमध्ये बसत नाहीये, तर दोष गाळाचा नाही, टँकमधून पाणी ज्या पद्धतीने जातंय त्याचा आहे. बॅक्टेरिया मेले असते तर पात्रातलं वरचं पाणीसुद्धा गढूळच राहिलं असतं. कल्चर टाकणं त्या दिवसापासून बंद केलं.

आता पाणी कसं फिरतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. बिल्डिंगची मेन ड्रेनेज लाइन उताराने येऊन जाळीच्या चेंबरमध्ये पडते, तिथून कलेक्शन टँकमध्ये. कलेक्शन टँकमधले दोन सबमर्सिबल पंप (एक चालू, एक स्टँडबाय) पाणी उचलून एरेशन टँकमध्ये टाकतात. एरेशनमधून पुढे पंप नाही, सगळं लेव्हलवर चालतं, एरेशन टँक भरला की जेवढं पाणी आत येईल तेवढंच सेटलिंग टँकमध्ये जातं आणि तेवढंच सेटलिंगमधून बाहेर पडतं, मग क्लिअर वॉटर टँक, फिल्टर वगैरे. म्हणजे कलेक्शन टँकचा पंप ज्या जोराने पाणी टाकेल त्याच जोराने सेटलिंग टँकमधून पाणी बाहेर पडणार, मध्ये कुठे उसंत नाही. ही गोष्ट तिथे कुणीच धरून ठेवलेली नव्हती. प्लांट 60 केएलडीचा आहे म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात दिवसाचा हिशोब, पण सेटलिंग टँकला दिवस कळत नाही, त्याला फक्त आत्ता या मिनिटाला किती येतंय ते कळतं.

60 हजार लिटर 24 तासात वाटलं तर तासाला 2500 लिटर. सेटलिंग टँक सव्वादोन मीटर बाय सव्वादोन मीटर, म्हणजे वरून क्षेत्रफळ जेमतेम 5 चौरस मीटर. 2500 लिटरला पाणी वर चढण्याचा वेग तासाला अर्धा मीटर पडतो, आणि असा बरा गाळ त्यापेक्षा जास्त वेगाने खाली बसतो, त्यामुळे काही अडचण नाही. पण कलेक्शन टँकचा पंप होता तासाला 15 हजार लिटरचा. तो चालू झाला की सेटलिंग टँकमध्ये पाणी तासाला 3 मीटरने वर चढायला लागतं, सहापट, आणि या वेगाने असला गाळ खाली बसून राहणार नाही, तो वर उचललाच जाणार.

यावर सेक्रेटरींचा पहिला प्रश्न हाच होता की मग छोटा पंप टाका ना. तसं होत नाही. कच्च्या सांडपाण्यात चिंध्या, केस, वाइप्स, काय काय असतं, जाळीतून बरंच पुढे येतं, आणि तासाला 2500 लिटरचा पंप घेतला तर त्याचा इंपेलर आणि आतली वाट इतकी लहान असते की तो दिवसाआड अडकेल. सांडपाण्याचा पंप अडकू नये म्हणून मोठाच घ्यावा लागतो आणि मोठा घेतला की तो जास्त पाणी फेकतो. प्रत्येक लहान एसटीपीमध्ये हा पेच असतो, आणि तो सोडवतात पंपाने नाही, पाइपाने.

दुसरा प्रश्न होता की हे सकाळीच का होतं, पंप तर रात्रीपण चालू होतो. याचं उत्तर फ्लोटमध्ये होतं, म्हणजे पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणाऱ्या तरंगत्या स्विचमध्ये. कलेक्शन टँक 3 बाय 3 मीटरचा, येणाऱ्या पाइपाच्या तळापासून खाली 2.4 मीटर खोल. पण दोन्ही फ्लोट वरच्या बाजूला बांधलेले, एक जवळपास येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी आणि दुसरा त्याच्या 40 सेंटीमीटर खाली. कुणीतरी कधीतरी पंप कोरडा पडू नये आणि तळाची रेती उचलली जाऊ नये म्हणून तसे बांधले आणि तसेच राहिले. त्यामुळे टँक कायम भरलेला, आणि चढउतार फक्त 3600 लिटरचा. रात्री पाणी कमी येतं, हे 3600 लिटर भरायला तीन तास लागतात, मग पंप पंधरा सोळा मिनिटं चालतो, सेटलिंगमधला गाळ उचलला जातो पण नंतर पुन्हा तीन तास शांतता मिळते, तो परत खाली बसतो. सकाळी सहा ते दहा मात्र सगळ्या घरांच्या आंघोळी, भांडी, कपडे एकदम, दिवसाच्या पाण्यातलं साधारण 40 टक्के याच चार तासात येतं, म्हणजे तासाला 6 हजार लिटर. मग पंप 24 मिनिटं चालू, 36 मिनिटं बंद, पुन्हा 24 मिनिटं चालू. दोन झटक्यांच्या मध्ये गाळाला पूर्ण बसायला वेळच मिळत नाही, प्रत्येक झटक्याला गाळाचा थर अजून थोडा वर येतो आणि तिसऱ्या चौथ्या झटक्याला तो आउटलेटच्या तोंडाशी पोचतो. आठ साडेआठ.

ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मी रोज बघतो, पंप लागला की दहा मिनिटांनी घाण यायला लागते." त्याला हे आधीपासून माहीत होतं, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

इथपर्यंतचं नुसतं पंपाचं आणि फ्लोटचं झालं. पण सेटलिंग टँकचं इनलेट आणि आउटलेट नीट असतं तर इतकी वाईट परिस्थिती आली नसती, त्यामुळे आता तिकडे वळतो, खरं दुखणं तिथे होतं.

एरेशन टँकच्या भिंतीतून 100 मिमीचा एक पाइप सरळ आडवा सेटलिंग टँकमध्ये घुसवलेला, पाण्याच्या पृष्ठभागापासून वीतभर खाली. समोरच्या भिंतीत, बरोबर त्याच्या समोर, तितक्याच उंचीवर दुसरा 100 मिमीचा पाइप, तो आउटलेट. मधलं अंतर दोन मीटरपेक्षा थोडं जास्त. ना झोत अडवणारं बॅफल, ना पाणी खाली वळवणारं फीड वेल, ना कडेवरून पाणी सारखं पडू देणारा विअर. कागदावर बघितलं तर एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, सगळं बरोबर. प्रत्यक्षात पंप चालू असताना त्या इनलेटमधून नुसते 15 हजार लिटर येत नव्हते, एअरलिफ्टने, म्हणजे हवेच्या जोरावर उचलणाऱ्या पाइपाने, तळाचा गाळ परत एरेशनमध्ये टाकला जात होता ते तासाला 2500 लिटरही त्याच पाइपातून पुन्हा येणार, म्हणजे 17,500. 100 मिमीच्या पाइपात हा वेग सेकंदाला 60 सेंटीमीटरच्या वर जातो. हा झोत म्हणजे फवाराच, तो टँक ओलांडून समोरच्या भिंतीवर जाऊन आपटतो, आणि तिथेच आउटलेटचं तोंड उघडं. टँकमध्ये 9 हजार लिटर पाणी आहे पण जाणारं पाणी वरच्या वर निघून जातंय, खालचं सगळं नुसतं उभं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर अवघड नाही. बॅटरी घेऊन पाण्यावर तिरपा उजेड टाकायचा आणि पंप लागायची वाट बघायची. आधी पाणी हिरवट स्वच्छ दिसतं, पंप लागला की इनलेटच्या तोंडातून तपकिरी पट्टा सरळ पुढे सरकताना दिसतो, भिंतीला लागतो, तिथे दोन भाग होतात, एक खाली जातो आणि एक वर येऊन थेट आउटलेटमध्ये. बाजूच्या दोन कोपऱ्यांमध्ये मात्र पाणी तसंच हिरवट. एका टँकमध्ये स्वच्छ कोपरे आणि मध्ये गढूळ पट्टा दिसला की समजायचं शॉर्ट सर्किट आहे, म्हणजे पाणी पूर्ण टँक न वापरता जवळच्या वाटेने निघून जातंय.

एरेशन टँकमध्येसुद्धा असाच प्रकार, तो फक्त बाहेरून दिसत नव्हता. कच्चं पाणी टाकणारा पाइप आणि सेटलिंगकडे जाणारा पाइप एकाच भिंतीला, मध्ये हातभर अंतर. सोपं पडलं म्हणून प्लंबरने तसं केलं असणार, दोन्ही पाइप एकाच बाजूने आले की सपोर्ट एकच लागतो. मी हिरवा ट्रेसर रंग कच्च्या पाण्याच्या इनलेटला ओतला तर तो काही मिनिटांत सेटलिंगच्या इनलेटला दिसायला लागला. एरेशन टँक 50 हजार लिटरचा, सरासरीने पाणी त्यात 20 तास राहायला पाहिजे, आणि इथे त्यातला काही भाग मिनिटांत पुढे जातोय. आता तळाशी फुगे सोडणाऱ्या डिफ्यूजरच्या हवेने टँक घुसळला जात असतो त्यामुळे बहुतेक पाणी मिसळतंच, थोडा रंग लवकर दिसला म्हणजे सगळं पाणी तसंच गेलं असं नाही, कुठल्याही घुसळलेल्या टँकमध्ये थोडं तरी लवकर निघतंच. पण कोपऱ्यातल्या डिफ्यूजरवर फुगे कमी येत होते, तिथे घुसळण कमी, आणि नेमके दोन्ही पाइप त्याच कोपऱ्यात. ट्रीटेड पाण्याला अधूनमधून जो सांडपाण्याचा वास येत होता तो इथून होता, गाळाचा आणि त्याचा संबंध नव्हता.

आता काय केलं ते सांगतो. टँक एकही तोडला नाही, सगळं पाइपांमध्ये आणि प्लेटांमध्ये.

पहिलं काम पंपाचं पाणी वाटणं. नेहमी काय करतात, तर पंपाच्या लाइनवर टी घालून एक फाटा व्हॉल्व्हसकट परत कलेक्शन टँकमध्ये सोडतात आणि पुढच्या लाइनवर दुसरा व्हॉल्व्ह, दोन्ही कमीजास्त करून फ्लो सेट करायचा. हे पहिल्या दिवशी चालतं. पण तासाला 2500 लिटर जावे इतका व्हॉल्व्ह बंद केला की त्याची फट बोटभर उरते आणि पहिलीच चिंधी तिथे अडकते, ऑपरेटर वैतागून व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि आपण पुन्हा पहिल्या जागी. म्हणून आम्ही एरेशन टँकच्या स्लॅबवर एक उघडी पेटी बसवली. पंपाचं सगळं पाणी पेटीत, पेटीच्या एका बाजूला 90 अंशाचा व्ही नॉच म्हणजे व्ही आकाराची खाच, त्यावरून पडणारं पाणी एरेशनला, दुसऱ्या बाजूला 40 सेंटीमीटर रुंद सरळ प्लेट, वरखाली सरकणारी, त्यावरून पडणारं पाणी मोठ्या पाइपाने परत कलेक्शन टँकला.

प्लेट किती उंचीवर ठेवायची हा प्रश्न मजेचा आहे. 90 अंशाच्या नॉचमधून तासाला 2500 लिटर जायला नॉचच्या टोकापासून 48 मिमी पाणी लागतं. उरलेले 12,500 लिटर 40 सेंटीमीटर रुंद प्लेटवरून जायला प्लेटवर 28 मिमी पाणी उभं राहतं. मग प्लेटची कड नॉचच्या टोकापासून 20 मिमी वर पाहिजे, 48 वजा 28. बहुतेक जण प्लेट 48 वर लावतात, आणि मग पाणी 70 मिमीपर्यंत चढतं आणि नॉचमधून अडीचपटीहून जास्त फ्लो जातो. हिशोबाने प्लेट लावायची आणि मग बादलीने खात्री करायची: 20 लिटरची बादली नॉचखाली धरली की 29 सेकंदांच्या आसपास भरली पाहिजे. आधी हीच बादली पंपाच्या पाइपाखाली पाच सेकंदांत भरत होती. ऑपरेटरला आकडे सांगत बसण्यापेक्षा बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच दिलं, आता तो स्वतःच आठवड्याला बघतो. नॉचवर केस, चिंध्या लटकतात, ते रोज एकदा काढावे लागतात, पण ते उघड्यावर आहे, दिसतं, हाताने निघतं.

परत येणाऱ्या पाण्याचा एक बोनस म्हणजे कलेक्शन टँक ढवळला जातो, त्यामुळे तिथे घाण बसून सडत नाही. फक्त परतीच्या पाइपाचं तोंड पंपापासून लांबच्या कोपऱ्यात न्यायचं, पंपावर पाडलं तर हवा पंपात जाते. येणारी मेन ड्रेनेज लाइनपण अशीच पंपाच्या डोक्यावर पडत होती, तिला बेंड घालून उभा पाइप खाली आणला आणि पंप समोरच्या कोपऱ्यात हलवले.

मग फ्लोट. पंप आता एरेशनला तासाला 2500 लिटरच देणार, तर सकाळच्या चार तासात येणाऱ्या 24 हजारातले 10 हजार पुढे जाणार आणि 14 हजार कुठेतरी साठवावे लागणार. त्यामुळे सकाळी सहाला टँक जवळपास रिकामा हवा. खालचा फ्लोट तळापासून 45 सेंटीमीटरवर आणला, पंप बुडालेला राहील एवढं पाणी खाली ठेवून, आणि वर येणाऱ्या पाइपाच्या तळाखाली 15 सेंटीमीटरवर अलार्मचा फ्लोट. मधले 1.8 मीटर, म्हणजे 16 हजार लिटर. 14 हजार बसतात, दोन हजार शिल्लक. हे काठोकाठ आहे हे मी कमिटीला स्पष्ट सांगितलं, सणासुदीला पाहुणे आले की अलार्म वाजू शकतो, तेव्हा प्लेट थोडी वर घेऊन फ्लो तीन हजारापर्यंत न्यायला हरकत नाही. पण अलार्मच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही, कारण येणारा पाइप बुडाला की पाणी मागे ड्रेनेज लाइनमध्ये चढतं, वेग मेला की मैला लाइनमध्येच बसतो, आणि जाळीपण बुडते, मग तिच्यावरून सगळं तरंगत पुढे. याआधी पंप ट्रिप झाला की तळमजल्याच्या बाथरूमच्या जाळ्यांमधून बुडबुडे यायचे, त्याचं कारण हेच होतं, तिथल्या लोकांनी मात्र दोनदा प्लंबर बोलावून ट्रॅप बदलून घेतले होते.

एरेशन टँकमध्ये पेटीतून येणारा पाइप भिंतीला धरून लांबच्या कोपऱ्यापर्यंत नेला, उताराने. सेटलिंगकडे जाणाऱ्या पाइपाला आतल्या बाजूने टी लावला, खालचा पाय 30 सेंटीमीटर पाण्यात आणि वरचं तोंड उघडं. खालच्या पायामुळे वर तरंगणारा फेस आणि तेल आत जात नाही, उघड्या तोंडातून हवा सुटते आणि काठी घालून पाइप साफ करता येतो. टी च्या बरोबर खाली एक डिफ्यूजर येत होता, त्याचे फुगे थेट पायात घुसत होते, म्हणून तिथे खालून तिरपी प्लेट लावून फुगे बाजूला वळवले. फुगे सेटलिंग टँकमध्ये गेले की गाळाच्या कणांना चिकटून त्यांना वर आणतात, ते दिसायला बारीक फेसासारखं असतं.

सेटलिंग टँकचं इनलेट पूर्ण बदललं. 100 च्या जागी 150 मिमीचा पाइप, आणि तो टँकच्या मध्यापर्यंत आणून 45 सेंटीमीटर व्यासाच्या उभ्या नळकांड्यात सोडला, म्हणजे फीड वेल. नळकांड्याची वरची कड पाण्याच्या वर, खालचं तोंड पाण्याखाली सुमारे एक मीटर. आता पाइपातून पाणी आणि परतीचा गाळ मिळून तासाला 5000 लिटर, वेग सेकंदाला 8 सेंटीमीटर, नळकांड्यात उतरताना त्याहून कितीतरी कमी, आणि पाणी वर तोंड करून नाही तर खाली तोंड करून टँकमध्ये शिरतं. गाळ आधीच खालच्या दिशेने जात असतो, पाणी वळून वर येतं. पाइप अजून मोठा घ्यावा असं वाटू शकतं पण मग वेग इतका कमी होतो की गाळ पाइपातच बसायला लागतो. नळकांडं किती खोल न्यायचं यालाही मर्यादा आहे, तोंड गाळाच्या थराला टेकलं तर येणारं पाणी थर उकरून काढतं. म्हणून गाळाचा थर आठवड्याला मोजायचा, पारदर्शक नळी सरळ खाली सोडून वरून अंगठ्याने बंद करून उचलली की थर किती वर आहे ते नळीतच दिसतं.

आउटलेटचं ते एक तोंड बंद करून समोरासमोरच्या दोन भिंतींना लाँडर म्हणजे पाणी गोळा करणारे पन्हळ लावले, प्रत्येकात पाच व्ही नॉच, एकूण दहा. पाणी एका जागेवरून ओढलं जाण्याऐवजी दहा ठिकाणांहून अलगद पडतं. लाँडरच्या पुढे पाण्यात 30 सेंटीमीटर बुडालेली एक पट्टी, तरंगणारी घाण अडवायला.

या दहा नॉचांची लेव्हल ही या सगळ्या कामातली सगळ्यात नाजूक गोष्ट. 2500 लिटर दहा नॉचमध्ये वाटलं की प्रत्येक नॉचमध्ये फक्त 19 मिमी पाणी असतं. आता समजा एक लाँडर दुसऱ्यापेक्षा 10 मिमी वर बसला, जो डोळ्याला अजिबात कळत नाही, तर खालच्या नॉचमध्ये 23 मिमी आणि वरच्यात 13 मिमी पाणी होतं, आणि नॉचचा फ्लो उंचीच्या अडीच घातात वाढत असल्यामुळे खालच्यातून जवळपास चौपट पाणी जातं. म्हणजे पैसे खर्च करून दोन बाजूंना विअर लावला आणि पाणी पुन्हा एकाच बाजूने. फॅब्रिकेटरने पहिल्यांदा स्पिरिट लेव्हल लावून बसवले, ते चालत नाही, लाँडर स्वतःपुरता सरळ असतो पण दोघांची आपसातली उंची कळत नाही. पाणी भरून घेतलं आणि पाणी हीच लेव्हल धरली: पंप बंद, टँकमध्ये पाणी अगदी नॉचच्या टोकांशी, आणि दहाही टोकं एकदम ओली होईपर्यंत प्लेटा वरखाली. प्लेटांना लांबट भोकं ठेवली होती म्हणून जमलं. भोकं गोल पाडलेली असती तर पुन्हा वेल्डिंग.

नॉचची टोकं जुन्या आउटलेटच्या लेव्हलपेक्षा 50 मिमी वर घ्यावी लागली, नाहीतर लाँडरमधून क्लिअर वॉटर टँकला पाणी मोकळं पडत नव्हतं. पण मघाशी म्हटलं तसं सगळं लेव्हलवर चालतं, सेटलिंगचा विअर 50 मिमी वर गेला की एरेशनचं पाणीपण तेवढंच वर. तिथे अर्धा मीटर मोकळी भिंत होती, ती 45 सेंटीमीटर राहिली, चालण्यासारखं. हे आधी न बघता विअर वर घेतला असता आणि एरेशनमध्ये फेस आला असता तर फेस बाहेर.

चालू केल्यावर पहिल्याच सकाळी फरक दिसला, आठला बॅटरी टाकली तर सेटलिंगच्या वरच्या मीटरभरात गाळ नाही. फिल्टरचं बॅकवॉश रोजच्या ऐवजी तीनचार दिवसांनी लागायला लागलं. वासाला थोडे दिवस जास्त लागले.

फुकट मात्र काही झालं नाही. पंप आधी दिवसाला चारेक तास चालायचा, आता जवळपास 24 तास चालतो, पाऊण किलोवॉटचा आहे, म्हणजे 3 युनिटच्या जागी 18 युनिट. सेक्रेटरी यावर नाराज होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. मोटरचा वेग कमीजास्त करणारा व्हीएफडी लावून पंपच हळू चालवायचा पर्याय होता, पण इतका हळू केला की चिंध्या बाहेर फेकल्या जात नाहीत, पंपातच गुंडाळतात. शेवटी दोन पंप टायमरवर सहा सहा तास आलटून पालटून ठेवले, बिल तेवढंच, पण दोन्ही चालू स्थितीत राहतात.

आणि एक नवीन भानगड सुरू झाली. दुपारी दोनतीनला सेटलिंग टँकमध्ये बशीएवढे गाळाचे गोळे बुडबुड्यांसकट वर यायला लागले. कमिटीच्या ग्रुपवर लगेच फोटो, पुन्हा तेच झालं म्हणून. तेच नव्हतं. आधीचा गाळ ढगासारखा उसळत होता आणि पंपाच्या वेळेला, हा तुकड्या तुकड्याने आणि पंपाच्या वेळेशी संबंध नसताना. आधी दर झटक्याला गाळ वाहून जात असल्यामुळे तळाला फार वेळ राहतच नव्हता, आता तो तळाला बसून राहायला लागला, तिथला ऑक्सिजन संपला की बॅक्टेरिया नायट्रेट वापरतात, नायट्रोजन वायू सुटतो आणि गोळे उचलतो. एअरलिफ्टचा पाइप तपासला तर त्याचं खालचं तोंड तळापासून हातभर वर होतं, निमुळत्या तळातला, म्हणजे हॉपरच्या टोकातला गाळ त्याला पोचतच नव्हता. पाइप वाढवून तोंड तळापासून 10 सेंटीमीटरवर आणलं, हवेचा व्हॉल्व्ह थोडा उघडला, शिवाय आता गाळ टिकायला लागल्यामुळे जादा गाळ नियमित काढायचं ठरलं. गोळे आठवडाभरात कमी होत गेले.

राहिलं एक काम, ट्रीटेड वॉटर टँकचा ओव्हरफ्लो जो बाहेरच्या नाल्यात जातो. त्याचा तळ नाल्याच्या पुराच्या खुणेपेक्षा खाली आहे, जोराच्या पावसात नाल्याचं पाणी उलटं टँकमध्ये येतं. फ्लॅप व्हॉल्व्ह लावलाय, पण त्याच्या बिजागरीत काडीकचरा अडकला की तो उघडाच राहतो, त्यामुळे पाइप वर घेऊन नाल्यात मोकळा पाडणं हेच खरं, आणि त्यासाठी टँकची ओव्हरफ्लो लेव्हल 20 सेंटीमीटर वर न्यावी लागेल. टँकच्या स्लॅबखाली तेवढी जागा आहे, मोजून ठेवलंय, पावसाळ्याआधी करायचं ठरलंय.